नंबर एकच, नावं पाच: विलीनीकरणानंतर कंपनीचं बारसं

मुंबईत नव्वदच्या दशकात मोबाइल घेतलेला आणि तोच नंबर आजवर सांभाळलेला एखादा काका तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्या बिलावर आधी मॅक्स टच होतं, मग ऑरेंज, मग हच, 2007 मध्ये व्होडाफोन आणि 2020 पासून वी. नंबर एकच, नावं पाच. पुण्याकडच्या माणसाची साखळी वेगळी: बिर्ला एटी अँड टी, आयडिया आणि मग तोही वी. या दोन साखळ्या 31 ऑगस्ट 2018 रोजी एकमेकींत अडकल्या. व्होडाफोन इंडिया आयडिया सेल्युलरमध्ये विलीन झाली आणि चाळीस कोटींहून जास्त ग्राहकांची एक कंपनी तयार झाली.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. दोन कंपन्या एक झाल्या की सगळ्यात शेवटी चर्चेला येणारा आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारा विषय म्हणजे नाव. ताळेबंदावर न भांडलेली माणसं नावावरून बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. “आता नाव काय ठेवायचं?” असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कुठलं नाव? कारण कंपनीला एक नाव नसतं, तीन असतात. एक कागदावरचं: कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निबंधकाकडे, पॅनवर, बँकेत असतं ते. दुसरं बाजारातलं: पाटीवर, खोक्यावर, जाहिरातीत दिसतं ते. तिसरं तोंडातलं: कामगार घरी सांगतो “मी अमुकमध्ये आहे”, ते. ही तिन्ही एकाच दिवशी बदलायची घाई केली की ग्राहक गोंधळतो आणि निम्मी माणसं दुखावतात. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो आणि तो तसाच राहू द्यावा लागतो. व्होडाफोन आणि आयडियाचं प्रकरण मला म्हणूनच शिकवायला आवडतं. तिथे हे वेग उघड्या डोळ्यांनी दिसतात.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण आयडिया हे नावच मुळात एका विलीनीकरणातून आलं होतं. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सेवा देणारी बिर्ला एटी अँड टी आणि आंध्रातली टाटा सेल्युलर एकत्र आल्या. आता मालक तीन, आणि तिघंही मोठ्या घरचे. कोणाला वगळणार? म्हणून तिघांचीही नावं एकापुढे एक ठेवली: बिर्ला टाटा एटी अँड टी. पंक्तीत कोणी उपाशी राहू नये, तसं. पण लोकांनी काय केलं असेल ते मराठी वाचकाला सांगायला नको. ‘ब’ च्या पुढे ‘टाटा’ आलं की दुसरं काय होणार? कंपनी ‘बटाटा’ झाली.

2002 मध्ये आयडिया हे नाव आलं. त्यात ना बिर्ला, ना टाटा, ना एटी अँड टी. तेव्हा ते तिघांनाही थोडं टोचलं असेल, पण पुढे काय झालं पाहा. 2005 मध्ये एटी अँड टीची मालकी गेली, 2006 मध्ये टाटांनी हिस्सा विकला. नावात तिघं असते तर चार वर्षांत दोनदा पाटी बदलावी लागली असती, किंवा निघून गेलेल्या पाहुण्याचं नाव दारावर वागवावं लागलं असतं. आयडिया मात्र जिथल्या तिथे राहिली. मालकांची नावं जोडून केलेलं नाव हे तहनाम्यासारखं असतं. सह्या करणारे आहेत तोवर ते खरं.

स्वित्झर्लंडमध्येही हाच क्रम दिसतो. सीबा आणि गायगी ही औषध आणि रसायनांची दोन घराणी 1970 मध्ये एक झाली, तेव्हा दोन्ही नावं मध्ये आडवी रेघ मारून जोडली. 1996 मध्ये त्यात सँडोझ आली. आता तिसरा डबा जोडायचा कुठे? तेव्हा नोव्हार्टिस हे नवंच नाव घेतलं.

आपल्याकडे लग्नानंतर दोन आडनावं लावणाऱ्या बायका आहेत. नाव लांब होतं, पण त्यामागे कारण असतं: जुन्या ओळखीच्यांना ती सापडावी आणि नव्या घरालाही ती आपली वाटावी. कंपन्यांचं जोडनाव याच कारणासाठी येतं आणि त्याची अडचणही तीच असते. बोलताना लोक एकच आडनाव घेतात, बहुधा जे आधी येतं ते. पीव्हीआर आणि आयनॉक्स फेब्रुवारी 2023 मध्ये एक झाल्या. कंपनीचं नाव पीव्हीआर आयनॉक्स ठेवलं, पण चालू चित्रपटगृहांच्या पाट्या जुन्याच राहतील आणि जोडनाव नव्या चित्रपटगृहांवर लागेल, असं ठरलं. मला ही युक्ती समंजस वाटते. ज्या प्रेक्षकाला ‘आपलं आयनॉक्स’ माहीत आहे, त्याला कागदावरच्या विलीनीकरणाशी काय करायचंय? तिकिटाच्या रांगेत त्याचा पत्ता तोच राहिला.

आता व्होडाफोन आयडियाकडे येऊ. कागदावर जे घडलं ते बाहेरून दिसत होतं त्याच्या उलट होतं. व्होडाफोनचा हिस्सा मोठा, 45.1 टक्के, आणि आदित्य बिर्ला समूहाचा 26 टक्के. पण शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आयडिया होती, म्हणून कायद्याच्या दृष्टीने शिल्लक राहिली आयडिया आणि व्होडाफोन इंडिया तिच्यात विरली. विलीनीकरणात एक कंपनी जगते आणि दुसरी संपते. जगणारीचा पॅन, नोंदणी क्रमांक आणि बाजारातलं चिन्ह पुढे चालतं. त्यामुळे आजही राष्ट्रीय शेअर बाजाराच्या पडद्यावर या कंपनीचं चिन्ह IDEA असंच दिसतं.

नाव ठरवताना हा तोल सांभाळला गेला. जून 2018 मध्ये आयडियाच्या भागधारकांनी ठराव केला आणि नाव झालं व्होडाफोन आयडिया. जगली आयडिया, पण नावात पहिलं व्होडाफोन. अध्यक्ष कुमारमंगलम बिर्ला, तर मुख्य कार्यकारी अधिकारी बालेश शर्मा हे व्होडाफोनकडचे. पदं आणि नावातला क्रम एकाच तराजूत टाकून वाटले जातात, हे बाहेरच्यांना कळत नाही. आत बसलेल्यांना मात्र पहिल्या दिवशीच कळतं.

असा ठराव ‘विशेष’ असावा लागतो. म्हणजे बाजूने पडलेली मतं विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट हवीत. त्याआधी निबंधकाकडून नवं नाव राखून घ्यायचं, नंतर अर्ज, आणि मग नव्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र मिळतं. ते हातात पडेपर्यंत नवं नाव छापायचं नाही. हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत दोनदा म्हणते आणि तरी कोणीतरी दिवाळीच्या डायऱ्या छापूनच येतो.

कागदावरचं नाव असं एका दिवसात बदललं. बाजारातलं बदलायला दोन वर्षं लागली. ग्राहकाला व्होडाफोन आणि आयडिया ही वेगवेगळीच दिसत राहिली आणि 7 सप्टेंबर 2020 रोजी Vi आलं. एवढा उशीर का? कंपनीकडे पैसा नव्हता, डोक्यावर इतर संकटं होती, हे आहेच. पण ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर थांबण्याला ठोस कारण होतं. दोन कंपन्यांचे मनोरे वेगळे, बिलं काढणारी यंत्रणा वेगळी, रिचार्जचे प्लॅन वेगळे, टपरीवरच्या रिचार्जवाल्याची खाती वेगळी. हे सगळं एक होण्याआधी नाव एक केलं असतं तर काय झालं असतं? एकाच घरात दोघांकडे वीचं सिम, एकाला रेंज येते, दुसऱ्याला नाही. एकाला मिळणारा प्लॅन दुसऱ्याला मिळत नाही. फोन केला की पलीकडची बाई विचारणार, “तुम्ही आधीच्या कुठल्या वीचे?” दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव देणं हे एका गोष्टीला दोन नावं असण्यापेक्षा कितीतरी वाईट. दोन नावांनी ग्राहक फार तर चकित होतो. एका नावाने मात्र त्याला वाटतं, आपल्याला फसवलं.

म्हणून क्रम असा लागतो: आधी कागद, मग आतली यंत्रणा, मग पाटी. व्होडाफोन आयडियाने नाव जाहीर केलं तेव्हा दोन्ही नेटवर्क जोडण्याचं काम जवळपास संपलं होतं.

नावाची कल्पना चतुर होती. व्होडाफोनचा व्ही, आयडियाचा आय. दोघांचंही एकेक अक्षर घेतलं, आणि उच्चार इंग्रजीतल्या ‘आम्ही’ सारखा. इथे एक मौज आहे. लंडनच्या माणसाला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे वेगळे आवाज ऐकू येतात, त्याला हा श्लेष लंगडा वाटेल. आपल्या कानाला दोन्हीत फारसा फरक नाही, त्यामुळे तो इथे जास्त चांगला बसतो. पण आपल्याच महाराष्ट्रात दुसरी अडचण निघाली. हिंदीत ‘वी’ लिहितात, आपण इंग्रजी व्हीला ‘व्ही’ लिहितो. सिमच्या पाकिटावर रोमन अक्षरं पाहिली की आपला माणूस ती एकेक करून वाचतो. माझ्या कॉलनीतला रिचार्जवाला आजही “व्ही आय का?” असंच विचारतो, आणि त्याच्याकडे येणारे निम्मे लोक “व्होडाफोन” म्हणूनच पैसे ठेवतात. कागदावरचं नाव एका दिवसात बदललं, पाटीवरचं दोन वर्षांत. तोंडातलं तिसरं नाव स्वतःच्या मर्जीने बदलतं.

दोन अक्षरी नावाची दुसरी गोम म्हणजे ते फोनवर ऐकू येत नाही. ‘आयडिया’ गोंगाटातही कळतं. ‘वी’ म्हटलं की समोरचा “काय?” म्हणतो.

आणि नावाच्या ताकदीबद्दल भ्रम नको. विलीनीकरणाच्या वेळचे चाळीस कोटींहून जास्त ग्राहक जून 2020 पर्यंत सुमारे 28 कोटींवर आले होते. म्हणजे नवं नाव येण्याआधीच. दरयुद्ध होतं, ऑक्टोबर 2019 मध्ये सरकारी थकबाकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. नावाने ते घडवलं नाही आणि नाव ते थांबवूही शकत नव्हतं.

एवढ्या मोठ्या कंपनीचं सोडा, आपल्या आवाक्यातलं एक उदाहरण सांगते. मी त्यात होते, म्हणून नावं सांगणार नाही. चाकणची एक कंपनी शेतीपंपांचे कंट्रोल पॅनल करायची, तिथे 180 माणसं. साताऱ्याची दुसरी स्टार्टर करायची, तिथे साठेक. साताऱ्याची कंपनी चाकणच्या कंपनीत विलीन होणार होती. चाकणचं नाव म्हणजे मालकांचं आडनाव आणि पुढे इंजिनिअरिंग. साताऱ्याचं नाव म्हणजे स्टार्टरच्या खोक्यावरचा ठसठशीत शब्द. कराडपासून फलटणपर्यंत शेतकरी दुकानात जाऊन ‘स्टार्टर द्या’ म्हणत नाही, तो शब्दच म्हणतो.

चाकणच्या धाकट्या मालकांनी स्पर्धा ठेवायचं ठरवलं. नवं नाव सुचवा, बक्षीस मिळवा. मी नको म्हटलं होतं. दोनशेच्या वर चिठ्ठ्या आल्या. बहुतेक दोन्ही नावांचे तुकडे चिकटवलेल्या, काही देवांच्या, चार जणांनी तर मालकांच्या नातीचंच नाव घातलं. त्यातलं एकही नाव घेता आलं नाही, कारण बरीचशी आधीच कोणाच्या तरी नावावर नोंदलेली होती. मग नाव बाहेरच्या सल्लागाराने दिलं, आणि दोनशे माणसांना आपलं नाव नाकारल्याची खंत मिळाली. लोकांना सामावून घ्यायचं म्हणून त्यांना नाव विचारणं ही चुकीची जागा आहे. नाव एकच निवडायचं असतं, म्हणजे बाकी सगळे हरतात.

विचारायचं ते वेगळं: काय जाता कामा नये? हा प्रश्न आम्ही उशिरा का होईना, साताऱ्याच्या कॅन्टीनमध्ये विचारला. बराच वेळ कोणी बोलेना. मग जुना फिटर, पंचवीस वर्षं तिथेच काढलेला, चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “मॅडम, कंपनीला काय म्हणायचं ते म्हणा. आमचा पोरगा शाळेत सांगतो, बाबा स्टार्टर बनवतात आणि तो शब्द सांगतो. तो खोक्यावरनं पुसू नका.” दुसरा म्हणाला, “आणि ग्रॅच्युइटीची वर्षं?” सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. माणसाला नावाची भीती वाटते तेव्हा पुष्कळदा त्यामागे हीच भीती असते: नवं नाव म्हणजे नवी नोकरी, म्हणजे माझी जुनी सेवा पुसली का? आम्ही प्रत्येकाला पत्र दिलं, त्यात रुजू झाल्याची मूळ तारीख छापली आणि सेवा अखंड धरली जाईल असं लिहिलं. त्या पत्रानंतर नावावरचा वाद निम्म्याने शमला. नवा लोगो दाखवून तो शमला नसता. आणि जिथे दोन्हीकडचे हिशेबनीस एकाच खुर्चीसाठी उरलेले असतात, तिथे कुठलंही नाव त्यांना आपलं वाटणार नाही. तो प्रश्न खुर्चीचा आहे. त्याचं उत्तर नाव जाहीर करण्याआधी द्यावं, नंतर नव्हे.

शेवटी असं ठरलं. कागदावर कंपनीला नवं, कोणाचंच नसलेलं नाव. पॅनलवर चाकणचा ब्रँड, स्टार्टरच्या खोक्यावर साताऱ्याचा शब्द, आणि दोन्हीवर खाली बारीक अक्षरात नवं नाव. तो शब्द ट्रेडमार्क म्हणून साताऱ्याच्या कंपनीच्या नावे नोंदलेला होता, म्हणून नोंदीत मालक बदलून घेतला. कंपनी संपते, पण नोंदवहीत तिचंच नाव राहिलं की उद्या नक्कल करणाऱ्यावर खटला भरताना पंचाईत होते. ज्यांना जुना ब्रँड पूर्ण सोडायचा असतो त्यांनाही मी सांगते, एखाद्या किरकोळ मालावर तरी तो चालू ठेवा. पाच वर्षांहून अधिक काळ वापरला नाही तर दुसरा कोणी तो रद्द करायला अर्ज करू शकतो, आणि मग तुमच्याच जुन्या नावाने तो तुमच्याच ग्राहकाकडे जाईल.

नव्या नावाची चाचणी आम्ही फोनवर घेतली. सल्लागाराने तीन नावं दिली होती. मी दहा विक्रेत्यांना फोन केले, नाव एकदाच उच्चारलं आणि म्हटलं, ऐकलंत तसं लिहून फोटो पाठवा. एका नावाच्या शेवटी ‘व्ह’ होता. फलटणच्या विक्रेत्याने ‘फ’ लिहिला, बारामतीच्याने ‘व’, एकाने तो गाळलाच. ते नाव बाद. चेकवर, पावतीवर, यूपीआयवर नाव लिहिणारी हीच माणसं. पडद्यावरच्या सादरीकरणात सगळीच नावं सुंदर दिसतात.

इथवर ठीक चाललं होतं. घोळ झाला तो पत्रात.

नाव बदलल्याचं पत्र आम्ही सगळ्या ग्राहकांना एकच पाठवलं. इथे एक बारीक गोष्ट सुटली, आणि ती अजूनही बऱ्याच जणांकडून सुटते. चाकणच्या ग्राहकासाठी फक्त नाव बदललं होतं. कंपनी तीच, पॅन तोच, जीएसटी क्रमांक तोच. साताऱ्याच्या ग्राहकासाठी मात्र समोरची कंपनीच बदलली होती. जुना पॅन संपला, जुना जीएसटी क्रमांक संपला, साताऱ्याचा कारखाना चाकणच्या नोंदणीत एक जादा पत्ता म्हणून लागला. एका ग्राहकाने काहीच करायचं नव्हतं, फक्त नाव दुरुस्त करायचं. दुसऱ्याने आपल्या यंत्रणेत आम्हाला नव्याने विक्रेता म्हणून घ्यायचं होतं. दोघांना एकच पत्र गेल्यावर चाकणच्या काही ग्राहकांनी विनाकारण आमची खाती गोठवून नवे कागद मागितले, आणि साताऱ्याच्या काहींनी काहीच केलं नाही. त्यांच्या पुढच्या ऑर्डरी मेलेल्या क्रमांकावर आल्या.

त्यात भर म्हणजे त्याच पत्रात नवा बँक खाते क्रमांक होता. एका मोठ्या ग्राहकाच्या हिशेब विभागाने पैसे थांबवले. मला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. ‘आमचं नाव बदललं आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात भरा’ हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहा. ठगांच्या मेलमध्ये हेच असतं, शब्दशः. त्या विभागातल्या बाईंनी खात्री करायला जुन्या नंबरवर फोन लावला. आमच्या ऑपरेटरला सकाळीच सांगितलं होतं की आजपासून नवं नाव घ्यायचं. तिने ते घेतलं, छान स्पष्ट. बाईंनी ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. “राँग नंबर,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि फाइलवर ‘संशयास्पद’ असा शेरा मारला. पैसे यायला चाळीस दिवस गेले.

त्यानंतर मी तीन गोष्टी सोडत नाही. जगलेल्या कंपनीच्या आणि संपलेल्या कंपनीच्या ग्राहकांना वेगळी पत्रं जातात, आणि पहिल्याच ओळीत ‘तुम्हाला काय करायचं आहे’ ते असतं, ‘काही नाही’ असलं तरी. शक्य असेल तिथे जुनं खातं काही महिने चालू ठेवतो आणि खाते बदलल्याची सूचना नाव बदलल्याच्या पत्रात कधीच घालत नाही. ती वेगळी, नंतर, आणि ज्या माणसाशी दर महिन्याला बोलणं होतं त्याने स्वतः फोन करून द्यायची. तिसरं, फोन उचलणाऱ्याने पहिलं वर्षभर दोन्ही नावं घ्यायची: नवं, आणि लगेच “म्हणजे आधीचं अमुक”. बँकांच्या विलीनीकरणातही असंच केलं होतं. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया 1 एप्रिल 2020 रोजी पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या, पण त्यांचे जुने आयएफएससी कोड आणखी वर्षभर चालू ठेवले होते.

कायदाही इथे मदतीला येतो, फक्त तो अर्धवट वापरला जातो. कंपनीने नाव बदललं तर पुढची दोन वर्षं पाटीवर, लेटरहेडवर आणि बिलांवर नव्या नावासोबत पूर्वीचं नावही लिहावं लागतं. पुष्कळ कंपन्या ते दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात छापतात, जणू दंड भरतोय. खरं तर ग्राहकाला सावरायला मिळालेली ही फुकटची दोन वर्षं आहेत. ते नाव ठळक लिहा. मात्र एक मेख आहे. कायदा फक्त जगलेल्या कंपनीचं पूर्वीचं नाव मागतो. जी कंपनी विलीन होऊन संपली, तिच्या नावाबद्दल तो काहीच म्हणत नाही. म्हणजे चाकणचं जुनं नाव पाटीवर येणं सक्तीचं आणि साताऱ्याचं येणं ऐच्छिक. आधीच संपल्याची भावना असलेल्या टीमला हे बरोबर टोचतं.

थोरल्या मालकांनी ते ऐकलं आणि विचारलं, “लिहिलं तर चालतं ना?” चालतं. मग दोन्ही गेटवर एकसारखी पाटी लागली: वर नवं नाव, खाली ‘पूर्वीची’ म्हणून दोन्ही नावं, एकाच मापाच्या अक्षरात. साताऱ्याच्या गेटवरची जुनी पत्र्याची पाटी उतरवताना वॉचमनने ती भंगारात जाऊ दिली नाही, स्टोअरच्या आत भिंतीला टेकवून ठेवली.

बदल मुरतोय की नाही हे कळायला मी ऑपरेटरच्या टेबलावर एक वही ठेवली होती. कोणी जुन्या नावाने विचारलं की एक रेघ. पहिल्या आठवड्यात चाकणच्या नावाच्या दिवसाला तीसेक रेघा, साताऱ्याच्या त्याहून थोड्या कमी. सहा महिन्यांनी चाकणच्या चार-पाचवर आल्या. साताऱ्याच्या हललेल्या नव्हत्या. पत्रं कमी पडली म्हणून नव्हे. खोक्यावर तो शब्द होताच, त्यामुळे शेतकरी आणि दुकानदार तोच विचारणार. त्यातल्या किती जणांना स्टार्टर हवा होता आणि किती जण खरोखर गोंधळले होते, हे वेगळं मोजायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही. पुढच्या वेळी वहीत दोन रकाने आखले.

जुनी दोन्ही ईमेल डोमेन मात्र अजून सोडलेली नाहीत. वर्षाला हजार-दीड हजार रुपयांत नूतनीकरण होतं. साताऱ्याच्या जुन्या पत्त्यावर आजही महिन्याला दोन-चार मेल येतात, बहुतेक जाहिरातींचे. गेल्या पावसाळ्यात त्यातच विट्याच्या एका दुकानदाराची चाळीस स्टार्टरची ऑर्डर होती.